एक ‘पी’ की दोन?

नवशिक्या मुलांच्या इंग्रजी अभ्यासपत्रिकेत एका सशाचे चित्र होते. खाली ‘दि रॅबिट इज’ एवढेच छापलेले, व पुढे भरण्यासाठी ‘हॉप’, म्हणजे उड्या मारणे, हे क्रियापद दिलेले. पुष्कळ मुलांनी एच-ओ-पी-आय-एन-जी असे लिहिले. बिचारा ससा उड्या मारावयाचे सोडून आशा करीत बसला! कारण ते रूप ‘होप’ या क्रियापदाचे आहे.

आपल्या देवनागरीत ‘हॉ’ आणि ‘हो’ डोळ्यांनाच निराळे दिसतात. इंग्रजीत ही सोय नाही. दोहोंत ‘ओ’ हे एकच अक्षर येते, आणि त्याचा उच्चार पुढील अक्षरांवरून ओळखावा लागतो. ‘होप’च्या अंती एक मुका ‘ई’ आहे. तो स्वतः बोलत नाही, पण मागील स्वर लांबवितो. ‘आय-एन-जी’ जोडताना हा ‘ई’ गळतो, कारण त्याचे काम आता ‘आय’ करतो. ‘मेक’चे ‘मेकिंग’ होते ते याच रीतीने. उलट ‘हॉप’ला नुसताच प्रत्यय लावला, तर एकट्या ‘पी’पुढे स्वर पाहून वाचणारा ‘होपिंग’च म्हणणार. म्हणून मध्ये दुसऱ्या ‘पी’ची भिंत घालतात. ‘रनिंग’मध्ये दोन ‘एन’ आणि ‘स्टॉप’च्या भूतकाळी रूपात दोन ‘पी’ येतात ते यासाठीच.

भिंत केव्हा घालावी? एकाच उच्चारखंडाच्या शब्दात शेवटी एक व्यंजन व त्यामागे एकच स्वराक्षर असेल तेव्हा. ‘रेन’मध्ये ए-आय अशी दोन स्वराक्षरे आहेत, ‘जंप’च्या शेवटी एम-पी ही दोन व्यंजने आहेत, तेथे काही वाढवू नये. अंती डब्ल्यू, एक्स किंवा वाय असल्यासही द्वित्त नाही. शब्द लांब असेल तर आघात कोठे आहे ते ऐकावे. ‘बिगिन’मध्ये तो शेवटी, म्हणून ‘बिगिनिंग’मध्ये मधले ‘एन’ दोन. ‘व्हिजिट’मध्ये तो आरंभी, म्हणून टी एकच. ‘ट्रॅव्हल’ मात्र हट्टी आहे: ब्रिटिश लेखनात दोन ‘एल’, अमेरिकन लेखनात एक.

राहिला ‘लाय’, म्हणजे खोटे बोलणे किंवा आडवे पडणे. त्यातील ‘ई’ गाळला तर दोन ‘आय’ शेजारी येतील, आणि इंग्रजीला ते रुचत नाही. म्हणून आय-ई जाऊन ‘वाय’ येतो: एल-वाय-आय-एन-जी. ‘डाय’, म्हणजे मरणे, याचेही तसेच. परंतु डी-वाय-ई हा कापड रंगविण्याचा ‘डाय’ आपला ‘ई’ सोडीत नाही. सोडला असता तर रंगाऱ्याच्या दुकानात कापड रंगते आहे की रंगारी मरतो आहे, हे लिहिण्यावरून कळले नसते.

लिहून झाल्यावर प्रत्ययावर बोट ठेवावे आणि उरलेली अक्षरे पाहावी. सशाच्या वाक्यात तेथे एकच ‘पी’ दिसला, की ससा अजून जागचा हललेला नाही असे समजावे.