बिल जपून ठेवा, गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर नाही

रत्नागिरी : आंब्याचा पल्प, कोकम आगळ, फणसपोळी घरून किंवा छोट्या युनिटमधून विकणाऱ्यांची संख्या आपल्याकडे काही कमी नाही. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येते, पैसे यूपीआयने येतात, माल कुरिअरने नाहीतर एसटी पार्सलने जातो. चार-पाच सीझन असे गेले की फोनमध्ये, एक्सेलमध्ये आणि कपाटातल्या वह्यांमध्ये हजारभर कुटुंबांची नावं, पत्ते आणि नंबर साठलेले असतात. मग प्रश्न येतो : यातलं किती दिवस ठेवायचं आणि टाकायचं तर कसं?

बहुतेक ठिकाणी दोनपैकी एक चूक होते. एक तर "कधीतरी लागेल" म्हणून सगळंच ठेवलं जातं. नाहीतर फोन भरला म्हणून एका दुपारी सगळंच उडवलं जातं आणि त्यात बिलंही जातात. खरं म्हणजे एका ऑर्डरमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक पैशाचा हिशोब, दुसरी माणसाची माहिती. दोन्हींचं आयुष्य वेगळं आहे, म्हणून दोन्ही वेगळ्या ठेवल्या की निम्मं काम झालं.

बिलाची मुदत कुठून मोजायची?

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशोबाची कागदपत्रं ७२ महिने ठेवावी लागतात. मात्र हे ७२ महिने बिलाच्या तारखेपासून मोजायचे नाहीत. त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरण्याची जी शेवटची तारीख असते, तिथून मोजणी सुरू होते. "सहा वर्षं झाली" म्हणून बिलं रद्दीत घालणारे नेमके इथे फसतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, १० मे २०२२ रोजी पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने पल्पचे २४ डबे मागवले. हे बिल २०२२-२३ या आर्थिक वर्षातलं. त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राची शेवटची तारीख होती ३१ डिसेंबर २०२३. तिथून ७२ महिने म्हणजे ३१ डिसेंबर २०२९. विक्री झाल्यापासून साडेसात वर्षांहून थोडं जास्तच. छोट्या व्यापाऱ्यांना वार्षिक विवरणपत्र भरण्यातून सूट मिळते, तरी मोजणी त्याच तारखेपासून करायची.

आयकरासाठी सीए मंडळी साधारणपणे कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून सहा वर्षं धरतात. वरच्या बिलाचं कर-निर्धारण वर्ष मार्च २०२४ मध्ये संपलं, म्हणजे ही मुदत ३१ मार्च २०३० ला संपते. दोन्हींतली नंतरची तारीख घ्यायची आणि बिलांच्या गठ्ठ्यावर जाड अक्षरात लिहायची : "२०२२-२३, ३१ मार्च २०३० पर्यंत ठेवणे". व्यवसाय कंपनी म्हणून नोंदलेला असेल तर कंपनी कायद्याप्रमाणे हिशोबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात.

एक अपवाद लक्षात ठेवा. त्या वर्षाबद्दल नोटीस, अपील किंवा चौकशी चालू असेल तर गठ्ठ्याला हात लावायचा नाही. अंतिम निकालानंतर एक वर्ष किंवा मूळ मुदत, यातलं जे नंतर संपेल तिथपर्यंत तो ठेवावा लागतो.

मोबाइल नंबर बिलाचा भाग नाही

जीएसटीच्या नियम ४६ मध्ये बिलावर काय काय हवं याची यादी आहे. त्या यादीत गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर नाही. गिऱ्हाईक जीएसटीत नोंदलेलं नसेल आणि मालाची किंमत ५० हजारांपेक्षा कमी असेल, तर दुकानातल्या साध्या विक्रीत नाव-पत्ताही त्याने मागितला तरच लिहावा लागतो. माल दुसऱ्या राज्यात गेला तर कर कुठल्या राज्याचा हे ठरवायला बिलावर राज्याचं नाव लागतं.

म्हणजे वरच्या ऑर्डरमधलं बिल नंबर, तारीख, मालाचं वर्णन, नग, किंमत, कर आणि बिलावर छापलेलं नाव एवढं २०३० पर्यंत ठेवायचं. पण त्या ताईंचा मोबाइल नंबर, बिल्डिंगची खूण, "दुपारी घरी कोणी नसतं, वॉचमनकडे द्या" हा मेसेज, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट, लोकेशन हे सगळं २०३० पर्यंत ठेवण्याचं काहीच कारण नाही. "दुपारी घरी कोणी नसतं" हे वाक्य चुकीच्या माणसाच्या हाती पडलं तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

ही माहिती मग किती ठेवायची? डबा फुगला, पार्सल पोचलं नाही अशी तक्रार आली तर पुरावा लागतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे जाता येतं. म्हणून पत्ता, नंबर, कुरिअरची पावती आणि त्या ऑर्डरची चॅट दोन वर्षं ठेवा. पुढे मात्र काढून टाका. आपल्या उदाहरणात मे २०२४ नंतर ती नको.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ हेच सांगतो : ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं की ती पुसा, दुसऱ्या एखाद्या कायद्याने ठेवायला सांगितली असेल तेवढी सोडून. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि व्यावसायिकांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. काही नोंदी किमान एक वर्ष ठेवण्याची अट त्या नियमांत आहे, आपली दोन वर्षं त्यात बसतात.

आधार कार्डाचा फोटो मात्र घ्यायचाच नाही. पल्पचे डबे विकायला तो लागत नाही.

पुसायचं कसं?

दरवर्षी जानेवारीत एक दिवस ठरवा. सीझन अजून लांब असतो, युनिटवर घाई नसते. जानेवारी २०२५ मध्ये २०२२ सालात पोचलेल्या सगळ्या ऑर्डरींची माहिती काढायची, जानेवारी २०२६ मध्ये २०२३ सालातली, असं पुढे.

पहिलं काम : पुसण्याआधी त्या वर्षाच्या बिलांच्या पीडीएफ काढून वेगळ्या ठेवा. बऱ्याच बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये गिऱ्हाइकाची माहिती एका जागी असते आणि जुनं बिल पुन्हा काढलं की तिथलीच माहिती त्यावर छापली जाते. तिथून गिऱ्हाईकच डिलीट केलं तर जुनी बिलं कोरी निघण्याची किंवा खातं बिघडण्याची भीती असते. म्हणून गिऱ्हाइकाचं खातं तसंच ठेवा, फक्त मोबाइल, ईमेल आणि डिलिव्हरीच्या सूचना या जागा रिकाम्या करा. दिलेल्या बिलात खाडाखोड तर अजिबात करू नका. हिशोबातली नोंद खोडता येत नाही, आणि संगणकावर हिशोब असेल तर बदललेल्या किंवा पुसलेल्या प्रत्येक नोंदीची नोंद ठेवावी लागते, असं जीएसटीचे नियमच सांगतात.

दुसरं काम : यूपीआयच्या स्क्रीनशॉटवरचा व्यवहार क्रमांक बिलासमोर लिहून घ्या. तोच क्रमांक बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवता येतो. मग स्क्रीनशॉट ठेवायची गरज उरत नाही.

तिसरं काम फोनचं, आणि लोक सगळ्यात जास्त इथेच चुकतात. व्हॉट्सअ‍ॅपची चॅट डिलीट केली म्हणजे गॅलरीतले फोटो गेलेच असं नाही. चॅट काढताना फोटोही काढण्याचा पर्याय येतो, तो बघून घ्या. फोनमधून काढलेली फाइल आधी ट्रॅशमध्ये जाते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते, तेव्हा ट्रॅशही रिकामा करा. गूगल शीटमधली ओळ पुसली तरी फाइलच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये ती दिसते. त्यापेक्षा दर सीझनची डिलिव्हरीची यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि मुदत संपली की आख्खी फाइल काढा. शेवटी व्हॉट्सअ‍ॅपचा नवीन बॅकअप घ्या, नाहीतर फोन बदलल्यावर जुन्या बॅकअपमधून सगळं परत येईल.

झालं की नाही हे कसं ओळखायचं? पुसलेल्यांपैकी दोन-तीन नंबर आधीच एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. नंतर ते फोनमध्ये, ड्राइव्हमध्ये, ईमेलमध्ये आणि बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये शोधा. कुठेच सापडले नाहीत तर काम झालं, मग ती चिठ्ठीही फाडा. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवर ऑर्डर घेतल्या असतील तर तिथेही शोधा. मुलगा मुंबईला गेला आणि यादी त्याच्या फोनमध्ये राहिली, असं हमखास होतं.

चौथं काम कागदाचं. ऑर्डरच्या वह्या आणि पत्त्यांची लेबलं रद्दीवाल्याला देऊ नका. रद्दीतला कागद कुठल्या दुकानात पुडी बांधायला जाईल, सांगता येत नाही. पानं आडवी-उभी फाडून पाण्यात भिजवा आणि लगदा करा. नवा कायदा डिजिटल माहितीपुरताच आहे, वहीला तो लागत नाही, पण वहीतला नंबरही कोणाचा तरी असतोच.

"माझा नंबर काढा" म्हटलं तर?

गिऱ्हाइकाने मेसेज नको सांगितलं की ब्रॉडकास्ट यादीतून त्याच दिवशी काढा. त्याला स्पष्ट सांगा : "जाहिरातीच्या यादीतून नंबर काढला आहे. पत्ता आणि चॅट तक्रारीची मुदत संपली की पुसू. बिल मात्र कायद्याने ठेवावं लागतं." सगळं पुसलं असं खोटं सांगू नका. आणि त्याचा नुसता नंबर, नाव न लिहिता, "मेसेज पाठवू नये" अशा छोट्या यादीत ठेवा. नाहीतर पुढच्या मार्चमध्ये कोणीतरी जुनी एक्सेल उघडतं आणि "हापूस बुकिंग सुरू" हा मेसेज पुन्हा त्यालाच जातो.

शेवटी एका वहीत दोन ओळी लिहा : कुठल्या तारखेला, कुठल्या वर्षाची, कुठून कुठून माहिती काढली. नावं लिहायची नाहीत, नाहीतर पुसलेलं पुन्हा लिहिल्यासारखंच होईल.