मेणचट भिंत, तुंबलेली जाळी

फोडणीत मोहरी तडतडते तेव्हा कढईतून तेलाचे बारीक तुषार उडतात आणि त्यांच्यासोबत तापलेल्या तेलाची वाफही वर जाते. ही वाफ थोडी वर गेली की थंड होऊन पुन्हा सूक्ष्म थेंबांत बदलते. मोठे थेंब ओट्यावर आणि गॅसमागच्या टाइल्सवर पडतात. बारीक थेंब भाताच्या, डाळीच्या वाफेबरोबर चढत जातात आणि छताच्या कडेला, कपाटांच्या माथ्यावर, चिमणीच्या जाळीत जाऊन बसतात. पहिल्या एक-दोन दिवसांत हा थर निव्वळ तेलाचा असतो. भांडी घासायचे लिक्विड ओल्या फडक्यावर घेऊन पुसले की निघून जातो. काही महिन्यांनी तोच थर तपकिरी होतो, बोट लावले की बोटाला धरून ठेवतो आणि कितीही पुसला तरी फक्त इकडचा तिकडे सरकतो.

या काळात तेल वाळलेले नसते, तर बदललेले असते. शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन, करडई ही सगळी तेले हवेतला प्राणवायू हळूहळू शोषून घेतात. त्यामुळे तेलाचे सुटे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि त्यांचे जाळे तयार होते. चुलीची ऊब या कामाला वेग देते. जवसाच्या तेलात हा गुण फार जास्त असतो आणि म्हणूनच ऑइलपेंटमध्ये ते पूर्वापार वापरले गेले: पातळ लावायचे आणि हवेने घट्ट होऊ द्यायचे. स्वयंपाकघराच्या भिंतीवर न ठरवता हेच घडते. करडई, सूर्यफूल आणि सोयाबीनचा थर लवकर चिवट होतो, शेंगदाण्याचा त्यामानाने सावकाश. खोबरेल तेलात हा गुण जवळजवळ नाहीच. कोकणात आणि गोव्यात जिथे स्वयंपाक खोबरेलात होतो, तिथला थर त्यामुळे बराच काळ नुसता ओशट राहतो आणि सहज निघतो.

हे जाळे हाच सगळ्या त्रासाचा मुद्दा आहे. साबण किंवा लिक्विड तेलाच्या सुट्या रेणूंना वेढून पाण्यात ओढून नेतो, पण एकमेकांत गुंतलेले रेणू त्याला ओढून नेता येत नाहीत. तारेच्या घासणीने थर खरवडला जातो आणि सोबत टाइलची चकाकीही जाते. खरा उपाय म्हणजे जाळ्याचे तुकडे करणे, आणि ते काम अल्कली म्हणजे क्षार करतो. क्षाराचे गरम पाणी तेलाच्या रेणूतल्या ठरावीक जोडण्या तोडते आणि त्यातून साबण व ग्लिसरीन तयार होते. घरगुती साबण बनवताना जी क्रिया होते, तीच इथे भिंतीवर होते. तुटलेले तुकडे पाण्यात मिसळू लागतात आणि तयार झालेला साबण उरलेले तेल सोडवायला मदत करतो.

क्षार कोणता घ्यायचा, याबाबत मोठा गोंधळ आहे. घरोघरी सांगितला जातो तो खाण्याचा सोडा. तो फार सौम्य आहे. त्याच्या द्रावणाचा पीएच साधारण 8 असतो, तर धुण्याच्या सोड्याचा 11 च्या आसपास. पीएचमधला एकेक आकडा दहापटीचा फरक दाखवतो. म्हणून जुन्या थरावर खाण्याच्या सोड्याचा उपयोग बारीक भुकटीने घासण्यापुरताच होतो. त्यात व्हिनेगर किंवा लिंबू घालण्याची पद्धत तर टाळलेलीच बरी. फेस उसळतो, पण तो फेस म्हणजे आम्ल आणि क्षार एकमेकांना संपवत असल्याची खूण असते आणि मागे जवळजवळ निकामी पाणी उरते. धुण्याचा सोडा किराणा दुकानात स्वस्तात मिळतो. त्याचा आणखी एक फायदा असा, की बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम तो बाजूला काढतो. एरवी त्या पाण्यात साबणाचा पांढरा चोथा होऊन जाळीवर पुन्हा बसतो.

पण सोडा वापरण्याआधी जाळी कशाची आहे, हे पाहणे भाग आहे. चिमणीच्या जाळ्या स्टीलच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या असतात. सोड्याने स्टीलला काही होत नाही. अ‍ॅल्युमिनियमवरचे संरक्षक पापुद्र्यासारखे आवरण मात्र क्षारात विरघळते, त्यातून हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि जाळी काळपट, खडबडीत होते. लोहचुंबकाने धातू ओळखण्यात फसगत होते, कारण चांगल्या स्टीलचे बरेच प्रकारही चुंबकाला चिकटत नाहीत. खात्रीची चाचणी अशी: जाळीचा एक कोपरा लिक्विडने घासून लख्ख करावा, त्यावर सोड्याच्या दाट, गरम पाण्याचा थेंब ठेवावा आणि काही मिनिटे पाहावे. सतत बारीक बुडबुडे येऊ लागले किंवा डाग काळा पडला, तर जाळी अ‍ॅल्युमिनियमची आहे. कोपरा तेलकट असेल तर थेंब धातूपर्यंत पोहोचत नाही आणि चाचणी खोटी ठरते.

स्टीलची, चार-सहा महिने न धुतलेली जाळी घेतली तर काम असे होते. चिमणीचे बटण आणि मुख्य स्विच बंद करून जाळी काढायची आणि जुन्या वर्तमानपत्रावर अर्धा तास तिरकी उभी करायची. सुटे तेल निथळते. ही पायरी गाळली तर सोडा आधी त्या सुट्या तेलावरच खर्च होतो आणि चिवट थरापर्यंत त्याचा जोर पोहोचत नाही. मग जाळी आडवी बुडेल एवढा प्लास्टिकचा टब घ्यायचा. अ‍ॅल्युमिनियमची परात किंवा पातेले चालणार नाही. त्यात पाच लिटर चांगले गरम, पण उकळते नसलेले पाणी, 100 ग्रॅम कोरडी सोड्याची भुकटी आणि दोन मोठे चमचे लिक्विड घालायचे. सोडा खड्यांच्या रूपात मिळाला तर 250 ग्रॅम लागतो, कारण खड्याच्या वजनात निम्म्याहून अधिक पाणीच असते. लिक्विडचे काम थर ओला करण्याचे. नुसते सोड्याचे पाणी तेलकट पृष्ठभागावरून ओघळून जाते.

जाळी बुडवल्यावर पाच-दहा मिनिटांतच पाण्यात चहाच्या रंगाचे धागे सुटू लागतात. पाणी तापलेले असणे इथे फार मोलाचे असते, कारण साधारण दहा अंश तापमान वाढले की ही क्रिया दुप्पट वेगाने चालते. पाणी कोमट झाले की काम जवळजवळ थांबते, मग जाळी रात्रभर भिजत ठेवूनही फार फरक पडत नाही. म्हणून एकच मोठा भिजवणीचा डाव मांडण्यापेक्षा चाळीस मिनिटांचे दोन डाव, प्रत्येक वेळी ताजे गरम पाणी आणि नवा सोडा घेऊन, अधिक चांगले. मधूनमधून जाळी टबात वरखाली हलवायची, म्हणजे पाणी थरांच्या आत खेळते. ब्रश आधीच लावला तर मळ आतल्या घड्यांत ढकलला जातो. ब्रशची वेळ थर बदलला की येते. बोटाने चाचपून पाहावे: चिकटपणा जाऊन थर गुळगुळीत, बुळबुळीत लागला की जाळे तुटलेले असते आणि जुना दात घासायचा ब्रश हलक्या हाताने फिरवला तरी पुरतो. अजून तार सुटत असेल, तर घासण्यात अर्थ नाही, दुसरा डाव हवा. या सगळ्या वेळात रबरी हातमोजे घालायलाच हवेत. हाताला जे बुळबुळीत लागते, त्यात कातडीवरच्या तेलाचाही साबण झालेला असतो. डोळ्यांत शिंतोडा गेला तर लगेच भरपूर पाण्याने बराच वेळ धुवावे.

शेवटी जाळी उलटी धरून नळाखाली धुवायची. ती स्वच्छ झाली की नाही, हे पाणीच सांगते. तेल उरले असेल तिथे पाण्याचे थेंब गोळा होतात, स्वच्छ तारांवर पाणी सलग पसरते. उजेडाकडे धरली की बुजलेली भोकेही दिसतात. पूर्ण वाळल्यावरच ती परत बसवावी.

अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीला सोड्याविना जमवावे लागते. गरम पाण्यात लिक्विड सढळ हाताने घालून ती दोन-तीन तास ठेवावी, पाणी निवले की बदलावे, आणि एका फेरीत ती नवीसारखी होईल अशी अपेक्षा धरू नये. तेल काढण्याच्या जोरदार बाजारू फवाऱ्यांत कित्येकदा कॉस्टिक सोडा असतो. त्याने ही जाळी सोड्यापेक्षाही लवकर खराब होते, तेव्हा बाटलीवरचा मजकूर वाचूनच निवड करावी. अ‍ॅल्युमिनियमची जाळी दर दोन-तीन आठवड्यांनी, थर ताजा असतानाच धुणे हाच तिच्यासाठी खरा मार्ग आहे.

भिंतीच्या बाबतीतही आधी खालचा पृष्ठभाग पाहायचा. ग्लेझ असलेल्या टाइल्सना सोडा चालतो. अडचण एवढीच, की उभ्या भिंतीवर पाणी टिकत नाही. त्यासाठी जुने सुती फडके सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून, थोडे पिळून टाइलवर चिकटवून ठेवावे आणि पंधरा मिनिटांनी पुसून घ्यावे. फडके वाळू द्यायचे नाही, वाळले की सोड्याचे पांढरे डाग उमटतात. काम खालून वर करावे. वरून सुरुवात केली तर कोरड्या, मेणचट भागावर ओघळ उतरतात आणि त्यांच्या रेघा पुढे निघता निघत नाहीत. टाइलमधल्या सिमेंटच्या फटींना क्षाराने काही होत नाही, पण संडास साफ करायचे आम्ल तेथे वापरू नये. ते तेलाला हात लावत नाही आणि सिमेंट खाऊन टाकते.

ऑइलपेंट लावलेल्या भिंतीवर मात्र सोडा हे संकट आहे. तो रंगही तेलाच्या जाळ्यानेच बांधलेला असतो, त्यामुळे जे औषध मेणचटाला तोडते तेच रंगालाही तोडते. रंग मऊ पडून फडक्यावर उतरतो. तिथे थोडे ताजे खाण्याचे तेल कापसावर घेऊन थरावर चोळावे आणि काही मिनिटे थांबावे. ताजे तेल जुन्या थरात शिरून त्याला फुगवते व सैल करते. मग कोमट पाणी आणि लिक्विडने दोघांनाही एकत्र पुसून घेता येते. इमल्शन रंगाला तेल लावू नये, डाग आत मुरतो. त्याला लिक्विडचे कोमट पाणी आणि मऊ स्पंजच बरा. डिस्टेंपर किंवा चुन्याची भिंत तेल पिऊन घेते, तिथे धुण्याने काही साधत नाही. सुटा थर खरवडून, तेलाचा डाग वर येऊ न देणारा प्रायमर लावून पुन्हा रंग द्यावा लागतो. रॉकेलचा बोळा फिरवण्याची जुनी सवय या सर्वच भिंतींवर सोडून द्यायला हवी. ते थर सैल करते हे खरे, पण त्याची वाफ गॅसच्या शेगडीजवळ पेट घेऊ शकते.