खरेदीवहीतला कर आणि खात्यातला कर

मिरजेत विजेच्या सामानाचं एक दुकान आहे असं मानूया. वायर, स्विच, पंखे, एलईडी दिवे. हा सगळा माल 18 टक्क्यांच्या दरात बसतो, त्यामुळे हिशेब समजून घ्यायला सोपा. दुकानदाराने जीएसटीची नेहमीची नोंदणी घेतली आहे, कंपोझिशन योजना नाही, आणि विवरणपत्र तो दर महिन्याला भरतो. महिना नोव्हेंबरचा धरू. डिसेंबर उजाडला की त्याच्यापुढे एकच प्रश्न असतो : 20 तारखेपर्यंत सरकारला किती पैसे भरायचे?

बहुतेक दुकानदार हे उत्तर तोंडी देतात. विक्रीवर गोळा केलेला कर, वजा खरेदीवर दिलेला कर. तत्त्व म्हणून ते बरोबरच आहे. पण ही वजाबाकी स्वतःच्या दोन वह्यांवरून केली, तर येणारा आकडा पुष्कळदा खऱ्या भरण्याशी जुळत नाही. आपल्या दुकानदाराच्या नोव्हेंबरमध्ये तो 12,600 रुपयांनी चुकतो.

सुरुवात विक्रीवहीपासून करू. गल्ल्यावरच्या किरकोळ ग्राहकांना सांगितलेली किंमत करासकट असते. अशी विक्री महिन्यात 2,36,000 रुपयांची झाली. इथे पहिली चूक होते : 2,36,000 चे थेट 18 टक्के काढले जातात आणि 42,480 रुपये कर धरला जातो. पण या रकमेत कर आधीच मिसळलेला आहे. 118 रुपयांत 18 रुपये कराचे, म्हणून 2,36,000 ला 118 ने भागून 18 ने गुणायचं. मालाची मूळ किंमत 2,00,000 आणि कर 36,000. थेट टक्के काढणारा दुकानदार एका महिन्यात 6,480 रुपये स्वतःच्या नफ्यातून सरकारला देऊन बसतो, आणि हे त्याला कुणी सांगायला येत नाही.

मिरज-सांगलीतल्या कंत्राटदारांना आणि छोट्या दुकानांना उधारीवर पक्की बिलं केली ती 2,80,000 रुपयांची, कर सोडून. त्यातल्या एका कंत्राटदाराने 20,000 रुपयांची वायर परत केली आणि दुकानदाराने त्याला क्रेडिट नोट दिली. राज्यातली निव्वळ विक्री म्हणून 4,60,000 रुपये. तिच्यावरचा 82,800 रुपये कर अर्धा अर्धा होतो : केंद्राचा सीजीएसटी 41,400 आणि राज्याचा एसजीएसटी 41,400. याखेरीज बेळगावच्या एका कंत्राटदाराला 60,000 रुपयांचा माल पाठवला. माल कर्नाटकात गेला, म्हणून त्यावर एकच आयजीएसटी, 10,800 रुपये. विक्रीवरचा एकूण कर 93,600.

आता खरेदीवही. राज्यातल्या विक्रेत्यांकडून खरेदी 3,00,000 रुपयांची, त्यावर सीजीएसटी 27,000 आणि एसजीएसटी 27,000. दिल्लीच्या विक्रेत्याकडून पंखे 1,00,000 रुपयांचे, त्यावर आयजीएसटी 18,000. एकूण दिलेला कर 72,000. यातले कितीतरी पंखे डिसेंबर उजाडला तरी गोदामात पडून आहेत. म्हणून काही जण विकलेल्या मालापुरतंच क्रेडिट मोजतात. तशी गरज नाही. माल हातात आला, बिल आहे, तर पूर्ण कराचं क्रेडिट त्याच महिन्यात मिळतं, माल विकला जाईल तेव्हा जाईल. दिवाळीआधी माल भरून ठेवलेल्या महिन्यात कर कमी आणि नंतरच्या महिन्यांत जास्त येतो तो यामुळेच.

तर 93,600 वजा 72,000, म्हणजे 21,600 रुपये भरायचे, असं वह्या सांगतात. पण क्रेडिट वहीवरून मिळत नाही. 1 जानेवारी 2022 पासून नियम असा आहे की विक्रेत्याने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखवलेलं असलं पाहिजे आणि ते खरेदीदाराच्या GSTR-2B या तक्त्यात उतरलेलं असलं पाहिजे. सीए आणि हिशेबनीस याला नुसतं ‘टू-बी’ म्हणतात. तो तक्ता पोर्टलवर पुढच्या महिन्याच्या 14 तारखेला आपोआप तयार होतो. म्हणजे खरेदीवही हा तुमचा दावा झाला, आणि त्याला दुजोरा द्यायचा तो विक्रेत्याने.

म्हणून 14 तारखेला खरं काम सुरू होतं : टू-बी उतरवून घ्यायचा आणि खरेदीवहीशी एकेक बिल जुळवायचं. विक्रेत्याचा जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख, मालाची किंमत आणि कर, एवढं पाहिलं की पुरे. बिल नंबर वहीत नुसता ‘412’ आणि टू-बीमध्ये मालिकेच्या अक्षरांसह लिहिलेला असेल, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही, बाकी आकडे जुळतात ना ते पाहायचं. खरी अडचण दोन तऱ्हेच्या बिलांची असते. एक, वहीत आहे पण टू-बीमध्ये नाही. दुसरी, टू-बीमध्ये आहे पण तिचं क्रेडिट घेता येत नाही.

आपल्या दुकानदाराला दोन्ही सापडली. कोल्हापूरच्या घाऊक व्यापाऱ्याचं 50,000 रुपयांचं बिल टू-बीमध्ये नव्हतं. त्यावरचा कर 9,000, म्हणजे 4,500 आणि 4,500. असं होण्याची कारणं साधी असतात. व्यापाऱ्याने GSTR-1 हे विक्रीचं विवरण 11 तारखेपर्यंत भरलं नाही. किंवा खरेदीदाराचा नंबर टाकताना एखादं अक्षर चुकलं आणि बिल भलत्याच्याच खात्यात गेलं. किंवा ते नंबर नसलेल्या किरकोळ ग्राहकाची विक्री म्हणून दाखवलं गेलं. आणखी एक कारण फारसं कुणी लक्षात घेत नाही : वार्षिक उलाढाल 5 कोटींपर्यंत असलेले व्यापारी तीन महिन्यांतून एकदा विवरणपत्र भरण्याचा पर्याय घेऊ शकतात. अशा व्यापाऱ्याने मधल्या महिन्यांची बिलं 13 तारखेपर्यंत स्वतंत्रपणे चढवली नाहीत, तर नोव्हेंबरचं बिल थेट जानेवारीत दिसतं. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याचं नेमकं हेच झालं होतं. त्यात फसवणूक नाही, पण तोवर 9,000 रुपये आपल्या दुकानदाराच्या खिशातून गुंतून पडले. ते क्रेडिट बुडत नाही. बिल टू-बीमध्ये येईल त्या महिन्यात घ्यायचं. मात्र त्यालाही शेवट आहे : आर्थिक वर्ष संपल्यावर येणारा 30 नोव्हेंबर किंवा वार्षिक विवरणपत्र भरल्याचा दिवस, यातला जो आधी येईल तो.

दुसरं बिल होतं 20,000 रुपयांच्या फ्रिजचं. फ्रिज घरी गेला, पण बिल दुकानाच्या नंबरवर घेतलं होतं, म्हणून त्यावरचा 3,600 रुपयांचा कर टू-बीमध्ये ऐटीत दिसत होता. तरी ते क्रेडिट मिळत नाही. घरगुती वापराच्या वस्तू, खाण्यापिण्याची बिलं, मालकाची मोटार, चोरीला गेलेला किंवा फुकट वाटलेला माल, यांवरचं क्रेडिट कायद्यानेच अडवलं आहे. विवरणपत्रात अशी रक्कम आधी उपलब्ध क्रेडिटमध्ये दाखवून मग लगेच वजा दाखवायची असते. टू-बीमध्ये दिसतं म्हणजे ते आपलं, ही समजूत मला सगळ्यांत धोक्याची वाटते. कारण ती चूक तेव्हा कळत नाही, काही वर्षांनी नोटीस येते तेव्हा कळते, आणि तोवर व्याज चढलेलं असतं. दिल्लीच्या पंख्यांचंही तसंच : बिल 29 तारखेचं आणि ट्रक 3 डिसेंबरला आला असता, तर ते क्रेडिट डिसेंबरचं झालं असतं. या वेळी माल महिन्यातच पोचला होता.

आता हाती राहिलेलं खरं क्रेडिट : सीजीएसटी 20,700, एसजीएसटी 20,700, आयजीएसटी 18,000. एकूण 59,400.

पुढे वजावटीचा क्रम. आयजीएसटीचं क्रेडिट सगळ्यांत आधी संपवावं लागतं. 18,000 मधून बेळगावच्या विक्रीचे 10,800 फिटले, उरले 7,200. हे सीजीएसटी आणि एसजीएसटी यांत हवं तसं वाटता येतं. निम्मं निम्मं, म्हणजे 3,600 प्रत्येकी, दिलं तर सीजीएसटीचे 41,400 वजा 3,600 वजा 20,700, राहिले 17,100. एसजीएसटीचेही तेवढेच. एकूण रोख भरणा 34,200 रुपये. ताळा करायचा तर 93,600 मधून 59,400 वजा करून पाहा.

या महिन्यात 7,200 सगळेच्या सगळे सीजीएसटीला दिले असते तरी एकूण रक्कम तीच राहिली असती. पण विक्री मंदावलेल्या महिन्यात तसं होत नाही, कारण सीजीएसटीचं क्रेडिट एसजीएसटीला वापरता येत नाही. समजा, क्रेडिट हेच आहे आणि दोन्ही कर फक्त 24,000 प्रत्येकी आहेत. सगळे 7,200 सीजीएसटीला दिले, तर तिथे 3,900 रुपयांचं क्रेडिट पडून राहतं आणि एसजीएसटीचे 3,300 रुपये रोख भरावे लागतात. निम्मं निम्मं वाटलं असतं, तर एक रुपयाही भरावा लागला नसता. पोर्टल स्वतः वाटणी सुचवतं, तरी बटण दाबण्यापूर्वी ती नजरेखालून घालावी.

चलन करतानाही रकमा त्या त्या रकान्यातच टाकायच्या. मालवाहतुकीवर किंवा भाड्यावर उलट पद्धतीने कर येत असेल, तर तो क्रेडिटमधून भागत नाही, रोखच भरावा लागतो. त्याचं क्रेडिट मात्र नंतर मिळतं. आणि 20 तारीख चुकली, तर रोख भरायच्या रकमेवर वर्षाला 18 टक्के दराने व्याज आणि दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क लागतं. 34,200 रुपये दहा दिवस उशिरा भरले, तर व्याज साधारण 169 रुपये आणि शुल्क 500 रुपये. म्हणजे छोट्या दुकानदाराला व्याजापेक्षा शुल्कच जड जातं.

वहीच्या भरवशावर 21,600 भरून मोकळं झालेल्या दुकानदाराने 12,600 रुपये कमी भरलेले असतात, आणि हा फरक पोर्टलला दिसत असतो. त्यावर उपाय एकच : टू-बी येण्याची वाट पाहू नका. विक्रेत्यांनी भरलेली बिलं GSTR-2A मध्ये त्याआधीच दिसू लागतात. महिन्याच्या 8 तारखेला तो तक्ता उघडा, ज्यांची मोठी बिलं दिसत नाहीत त्यांना फोन करा. 11 तारीख उलटल्यावर त्या महिन्यासाठी फोन करून फारसा उपयोग नसतो. आणि जो व्यापारी दर वेळी बिल उशिरा चढवतो, त्याला मालाची रक्कम वेळेवर द्या, पण कराची रक्कम बिल टू-बीमध्ये दिसल्यावर देण्याचं आधीच ठरवून घ्या. एवढी काळजी मात्र घ्या की बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पूर्ण पैसे गेले पाहिजेत, नाहीतर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं.