फोटोतला कठडा पुरा करताना

पुण्यातल्या पेठेतल्या एका वाड्याचा जुना फोटो आमच्या गटाकडे आला. घडीवर कागदाची खपली उडून सज्जाच्या कठड्याचे दोन गज गेले होते. ते आम्ही संगणकावर पुन्हा बसवले.

आधी फोटोची प्रत काढली. मूळ फोटोला हात लावला नाही. मग शाबूत गजांमधलं अंतर मोजलं. डावीकडे ते 40 ठिपके होतं, उजवीकडे 32. कठडा लांब जातो तसे गज जवळ दिसतात. म्हणून मधली तीन अंतरं 38, 36 आणि 34 धरली. शेजारचा डावा गज उचलून, थोडा लहान करून तिथे ठेवला. गज उलटवला नाही, नाहीतर सावली उजेडाच्या बाजूला आली असती. वरच्या पट्टीची कड दोन्हीकडून सरळ रेषेत जोडली.

तरी फसलोच! त्या गजावरचा डाग तिन्ही गजांवर दिसू लागला. मग नव्या गजांवरचे डाग दुसरीकडच्या साध्या लाकडाचा तुकडा लावून झाकले.

ही युक्ती पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीलाच चालते. विश्रामबाग वाड्याच्या दर्शनी भागासारखं कोरीवकाम गेलं असेल, तर अंदाजाने भरू नका. आणि कठडा खरोखरच मोडलेला असेल, दुरुस्तीच्या अर्जाला फोटो जोडायचा असेल, तर तो मोडकाच राहू द्या. तोच तुमचा पुरावा.