खड्ड्यातली हिरवी पिशवी

आमच्या सोसायटीच्या मागच्या बाजूला ओल्या कचऱ्याचे दोन खड्डे आहेत. एक भरत असताना दुसऱ्यातला माल मुरतो आणि आठ-नऊ महिन्यांनी तो उपसून, वाळवून चाळायचा. यंदा चाळायला मीही उभा होतो. तारेच्या चाळणीवर दरवर्षी राहतात त्या करवंट्या आणि आंब्याच्या कोयी राहिल्याच, पण यंदा त्यांच्याबरोबर पिशव्याही होत्या, आणि त्या दोन जातींच्या होत्या. एक हिरवी, पानाचं चित्र असलेली, तिच्यावर ‘१०० टक्के बायोडिग्रेडेबल’ असं छापलेलं. झटकून धुतली असती तर तिच्यातून कोथिंबिरीची जुडी आणता आली असती. दुसरी पांढरट, ‘कंपोस्टेबल’ असं लिहिलेली. ती हातात घेताच फाटली, बोटांत चुरली, पण नाहीशी झालेली नव्हती. शेजारच्या काकू म्हणाल्या, “अहो, दोन्हीचा अर्थ एकच ना? कुजणारी पिशवी!”

अर्थ एकच नाही. आणि तो एक धरल्यामुळे आमच्यासारख्या शेकडो सोसायट्यांच्या खतात प्लॅस्टिक जातं आहे.

‘बायोडिग्रेडेबल’ म्हणजे जैवविघटनशील. जीवाणू आणि बुरशी जे खाऊन संपवू शकतात ते. या शब्दात काळ नाही, जागा नाही, तापमान नाही. वाड्याची सागवानी तुळई जैवविघटनशीलच असते, पण कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षं माडी पेलून धरते. चाळणीवर राहिलेली करवंटी शंभर टक्के नैसर्गिक असूनही आमच्या खड्ड्याला पुरून उरली. म्हणून एखाद्या वस्तूवर नुसतं ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेलं असणं म्हणजे उसनवारी करणाऱ्यानं ‘देईन कधीतरी’ म्हणण्यासारखं आहे. ते खोटं नसेलही, पण त्यावर व्यवहार करता येत नाही.

‘कंपोस्टेबल’ मात्र तारीख-वार लिहून दिलेली चिठ्ठी आहे. भारतात प्लॅस्टिकला हा शब्द लावायचा तर ते आयएस/आयएसओ १७०८८ या मानकाला उतरावं लागतं आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ही परीक्षा प्रत्यक्षात कशी घेतात ते पाहिलं की दोन शब्दांमधलं अंतर आपोआप कळतं.

प्रयोगशाळेत पिशवीच्या मालाचा चुरा तयार खतात मिसळून बंद भांड्यात ठेवतात. भांडं सुमारे ५८ अंश सेल्सियसला राखतात आणि त्यातून हवा खेळवतात. जीवाणू प्लॅस्टिक खातील तसा त्यातला कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो, आणि बाहेर येणारा तो वायू मोजत जातात. शेजारी दुसऱ्या भांड्यात तुलनेसाठी सेल्युलोज, म्हणजे कागदाचा आणि कापसाचा मूळ घटक, ठेवलेला असतो. १८० दिवसांच्या आत ९० टक्के कार्बन असा वायुरूपानं निघाला तर पहिली पायरी पार. दुसऱ्या पायरीत पिशवी चुरा न करता, तिच्या खऱ्या जाडीची, खतात १२ आठवडे ठेवतात आणि मग ते खत २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात. चाळणीवर मूळ वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त राहता कामा नये. शेवटी त्या खतात बी पेरून ते नीट उगवतं की नाही ते पाहतात आणि जड धातू किती आहेत तेही तपासतात.

म्हणजे किती दिवसांत, किती उष्णतेत, किती बारीक आणि मागे काय उरता कामा नये, हे सगळं त्या एका शब्दात बांधलेलं आहे. ज्या प्लॅस्टिकला कंपोस्टेबल म्हणता येतं त्याला शास्त्राच्या भाषेत बायोडिग्रेडेबलही म्हणता येईल. उलटं म्हणता येत नाही.

मग आमच्या खड्ड्यातली पांढरी पिशवी का उरली? उत्तर त्या ५८ अंशांत आहे. अशा पिशव्यांमध्ये बहुधा दोन-तीन पदार्थांचं मिश्रण असतं: मका किंवा उसाच्या साखरेपासून केलेलं पीएलए, पीबीएटी नावाचं मऊ प्लॅस्टिक, कधी स्टार्च. पीएलएचे रेणू लांबलचक साखळ्यांसारखे असतात आणि एवढी लांब साखळी जीवाणूला गिळता येत नाही. आधी पाण्यानं तिचे तुकडे करावे लागतात. साधारण ५५ ते ६० अंशांच्या खाली या साखळ्या थिजलेल्या तुपासारख्या जागच्या जागी आखडून बसतात आणि पाण्याचं काम फार सावकाश चालतं. त्या वर गेल्यावर त्या सैल होतात, पाणी आत शिरतं, तुकडे पडतात आणि मग जीवाणूंची पंगत बसते.

मोठ्या खतप्रकल्पात कचऱ्याच्या लांबच लांब वळ्या घालतात. ढिगाच्या पोटात ५५ ते ६५ अंश उष्णता कित्येक आठवडे टिकते, कारण ढीग स्वतःची ऊब स्वतःच धरून ठेवतो आणि यंत्रानं तो वरचेवर खालीवर केला जातो. आमच्या खड्ड्यात मी लांब दांडीचा थर्मामीटर खुपसून पाहिला. ताजा कचरा आणि कल्चर टाकल्यावर तो पन्नाशीला टेकला, पण चार दिवसांत चाळिसाच्या खाली आला. बाल्कनीतल्या कुंडीत किंवा गांडूळखताच्या टाकीत तर एवढीही ऊब येत नाही, आणि गांडुळं त्या उष्णतेत जगणारही नाहीत. पांढऱ्या पिशवीनं दिलेला शब्द मोडला नव्हता. तिनं तो आमच्या खड्ड्यासाठी दिलेलाच नव्हता. आपल्या नियमांनुसार कंपोस्टेबल मालावर ‘केवळ औद्योगिक कंपोस्टिंगमध्ये’ असा स्पष्ट उल्लेख असावा लागतो. तो बारीक अक्षरात असतो आणि पानाचं चित्र मोठं असतं, म्हणून तो आपल्या नजरेतून निसटतो. ‘घरगुती कंपोस्टेबल’ ही वेगळी पात्रता आहे आणि ती कमी तापमानाला तपासतात. तिच्यावरही डोळे मिटून विसंबता येत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं ब्रिटनमधल्या नागरिकांना सोबत घेऊन केलेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घरच्या खतात टाकलेल्या, ‘घरगुती’ म्हणून प्रमाणित असलेल्या प्लॅस्टिकपैकी सुमारे ६० टक्के पूर्ण विरघळलं नव्हतं.

आता हिरव्या पिशवीकडे येतो, कारण माझा खरा राग तिच्यावर आहे. अशा पिशव्यांपैकी अनेक साध्या पॉलिथिनच्याच असतात. त्यात कोबाल्ट, मँगनीज किंवा लोखंडाचे क्षार चिमूटभर मिसळतात. ऊन आणि हवा लागली की हे क्षार पॉलिथिनला ठिसूळ करतात आणि पिशवीचे बारीक बारीक तुकडे होतात. डोळ्यांना ती ‘गेली’ असं वाटतं, पण ती नुसती वेचता न येण्याइतकी लहान झालेली असते. युरोपीय संघानं या ऑक्सो-डिग्रेडेबल प्रकारावर जुलै २०२१ पासून बंदी घातली ती याच कारणासाठी. आणि खड्ड्याच्या पोटात तर ऊन नसतंच, त्यामुळे तिथे ती ठिसूळही होत नाही.

ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन या संशोधकांनी हे धीरानं करून पाहिलं. दुकानांतून मिळणाऱ्या पाच प्रकारच्या पिशव्या त्यांनी मातीत पुरल्या, समुद्रात बुडवल्या आणि उघड्या हवेत टांगल्या. त्यांचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणवणारी पिशवी तीन वर्षं मातीत आणि समुद्रात राहूनही बाजारहाटाचं ओझं पेलू शकत होती. कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत दिसेनाशी झाली, पण मातीत ती २७ महिन्यांनंतरही होती. वजन घालताच मात्र फाटत होती, अगदी आमच्या पांढऱ्या पिशवीसारखी.

आपल्याकडच्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनीही हे दोन शब्द आता वेगळे केले आहेत. मार्च २०२४ च्या दुरुस्तीत बायोडिग्रेडेबल प्लॅस्टिकची व्याख्याच ‘कंपोस्टेबल सोडून इतर’ अशी सुरू होते, आणि ते माती, पाणी, कचराभूमी अशा ठरावीक जागी सूक्ष्म प्लॅस्टिक मागे न ठेवता विघटित झालं पाहिजे, अशी अट आहे. वेष्टनावर किती दिवसांत आणि कुठे, हेही लिहायचं आहे. ‘देईन कधीतरी’ म्हणणाऱ्याला तारीख घालायला लावली, हे मला फार मोलाचं वाटतं. दिवस आणि जागा न लिहिलेला ‘बायोडिग्रेडेबल’ शब्द दिसला तर दुकानदाराला विचारायला हवं.

‘मक्यापासून बनवलेलं’ या जाहिरातीनंही अनेकांची फसगत होते. उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिन करता येतं, आणि ते खनिज तेलाच्या पॉलिथिनइतकंच चिवट असतं. याउलट पीबीएटी बहुतांशी खनिज तेलापासून येतं, तरी खतात जिरतं. माल कशापासून झाला यावरून तो कशात जाईल हे ठरत नाही. ते रेणूची बांधणी ठरवते.

पिशवीवरचं छापील अक्षर खरं की खोटं, हे घरी पुरतं ओळखता येत नाही, पण निम्मं येतं. नखाएवढा तुकडा कापायचा, साबणाच्या पाण्यात चोळून त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे काढायचे आणि साध्या पाण्याच्या पेल्यात खाली दाबून सोडायचा. पॉलिथिन पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर येतं. पीएलए, पीबीएटी, स्टार्च हे सगळे पाण्यापेक्षा जड, ते बुडतात. तुकडा तरंगला तर ती पिशवी कंपोस्टेबल नाही, तिच्यावर काहीही छापलेलं असो. बुडाला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण चुन्याची भुकटी भरपूर घातलेलं पॉलिथिनही बुडतं. तिथे उत्पादकाचं नाव, मानकाचा आकडा आणि मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांक पाहावा लागतो. आमची हिरवी पिशवी झटकन वर आली. तिच्यावर क्रमांकही नव्हता.

एक गोष्ट काकूंना समजावताना माझ्याही नीट लक्षात आली. कंपोस्टेबल पिशवीतला ९० टक्के कार्बन हवेत जातो, म्हणजे तिचं स्वतःचं खत जवळजवळ होतच नाही. तिचा उपयोग एवढाच की ओला कचरा तिच्यात बांधून थेट मोठ्या प्रकल्पात नेता येतो, ती सोडवत बसावं लागत नाही. पण घंटागाडीवरच्या किंवा वर्गीकरणाच्या पट्ट्यावरच्या बाईला धावत्या कचऱ्यात ही पिशवी आणि ती पिशवी ओळखायची कशी? ती दोन्ही उपटून बाजूला टाकते, आणि तिचं बरोबर आहे. तिथून पिशवी कचराभूमीत जाते, जिथे ढिगाच्या पोटात हवा नसते आणि कुजणाऱ्या पदार्थांतून मिथेन निघतो. भंगारात गेली तरी नुकसानच होतं, कारण पॉलिथिनच्या लॉटमध्ये थोडंसं पीएलए मिसळलं की नवा माल कमकुवत निघतो.

आम्ही सोसायटीत आता पिशवीच बंद केली आहे. ओला कचरा झाकणाच्या डब्यात, तळाशी वर्तमानपत्राचा कागद, आणि डबा थेट खड्ड्यात उपडा करायचा. हिरव्या पिशव्यांचे निघालेले तुकडे मी गोणीत भरून सुक्या कचऱ्यात दिले. जे चाळणीच्या छिद्रांतून खाली पडले ते खतात गेले, आणि ते खत जास्वंदीच्या वाफ्यात घालून झालं आहे.