चतुर्थी अठरा दिवसांनी लांबली तर…

२०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ साली ती १४ सप्टेंबरला आहे, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ येतो. घरच्या गणपतीची तयारी करणाऱ्याला या फरकाने काही अडत नाही. पेण आणि आसपासच्या हमरापूर, जोहे या गावांतल्या लहान मूर्तिकाराला मात्र अडतं. त्याचं वर्ष एका चतुर्थीपासून पुढच्या चतुर्थीपर्यंत असतं, आणि ते वर्ष सारख्या लांबीचं नसतं. २०२४ च्या चतुर्थीपासून २०२५ च्या चतुर्थीपर्यंत ३५४ दिवस होते; तिथून २०२६ च्या चतुर्थीपर्यंत ३८३ आहेत. म्हणजे एका हंगामाच्या कमाईवर जवळजवळ एक महिना जास्त काढायचा. दूधवाला, शाळा आणि वीज मंडळ मात्र आपापल्या तारखेला पैसे मागतात.

अशा धंद्यात हिशेब बहुतेक जण ठेवतात, पण तो झालेल्या व्यवहारांचा. पुढच्या महिन्यांत हातात किती रोकड असेल, याचा अंदाज कागदावर क्वचितच उतरतो. खरं तर त्याला एक वही पुरते. प्रत्येक महिन्यासाठी चार आकडे मांडायचे: सुरुवातीची शिल्लक, येणारे पैसे, जाणारे पैसे, शेवटची शिल्लक. नियम एकच, पण तो कडक पाळायचा. पैसे ज्या दिवशी खरोखर हातात पडतील किंवा हातातून जातील, त्याच दिवशी लिहायचे. मूर्ती ऑगस्टमध्ये गेली आणि व्यापाऱ्याने पैसे विसर्जनानंतर दिले, तर ती रक्कम ऑगस्टची नाही.

एक कारखाना डोळ्यांसमोर आणू. आकडे उदाहरणादाखल आहेत. नवरा-बायको आणि दोन कामगार मिळून शाडूच्या ४०० मूर्ती करतात. घाऊक भाव सरासरी १,५०० रुपये धरला, तर विक्री ६ लाखांची. घरखर्चाला महिना २० हजार, जागेचं भाडं आणि वीज ४ हजार. फेब्रुवारी ते ऑगस्ट दोघा कामगारांची मजुरी महिना २४ हजार. जानेवारीत माती ४० हजारांची, जुलैत रंग आणि इतर सामान ३० हजारांचं, जूनमध्ये मुलांची फी २५ हजार. ऑक्टोबर ते सप्टेंबर अशी सगळी बेरीज ५ लाख ५१ हजार होते. वर्षाअखेर ४९ हजार उरतात. धंदा नफ्यात आहे.

आता हेच पैसे महिन्यावार मांडू. १ ऑक्टोबर २०२५ ला हातात १ लाख ९० हजार आहेत आणि गेल्या हंगामाची ३० हजारांची येणी त्याच महिन्यात वसूल होतात. डिसेंबरअखेर शिल्लक १ लाख ४८ हजार. जानेवारीत माती येते, फेब्रुवारीत मजुरी सुरू होते आणि शिल्लक ३६ हजारांवर उतरते. मार्चअखेर ती शून्याच्या १२ हजार खाली जाते. एप्रिल आणि मे महिन्यांत ६०-६० हजारांचा विसार येतो, त्यामुळे मेअखेर १२ हजार दिसतात. मग जूनची फी, जुलैचे रंग आणि रोजची मजुरी. जुलै संपताना खड्डा १ लाख ३९ हजारांचा झालेला असतो. पहिला माल ऑगस्टच्या मध्यावर निघत असेल, तर तोवर खड्डा आणखी खोल जातो. म्हणून शेवटचे दोन-तीन महिने आठवड्यावार मांडलेले बरे. महिनाअखेरच्या आकड्यात सर्वांत वाईट शनिवार लपून जातो.

गेल्या वर्षीची वही समोर ठेवून तीच पुढे ओढणारा इथे फसतो. २०२५ मध्ये माल लवकर उचलला गेल्यामुळे पहिले दीड लाख जुलैतच आले होते, असं धरा. तो आकडा २०२६ च्या जुलैत तसाच लिहिला की जुलैअखेर ११ हजार शिल्लक दिसते आणि कारखानदार निर्धास्त राहतो. चूक रकमेत नाही, तारखेत आहे. सणावर चालणाऱ्या धंद्याने जुन्या नोंदी 'जुलै', 'ऑगस्ट' अशा न वाचता 'चतुर्थीच्या सहा आठवडे आधी', 'तीन आठवडे आधी' अशा वाचाव्यात आणि मग नव्या पंचांगावर बसवाव्यात. भाडं, फी आणि वीजबिल मात्र इंग्रजी महिन्यांवरच राहू द्यावं. फराळ, पणत्या, राख्या करणाऱ्यांनाही हेच लागू पडतं.

दुसरी काळजी येणाऱ्या रकमेची. 'यंदा सहा लाख येतील' हा एक आकडा उपयोगाचा नाही. त्याचे तीन भाग करावे लागतात. ज्याचा विसार आला ती मागणी पक्की. दरवर्षी घेणारा व्यापारी बहुधा घेईल, पण अजून बोलणं झालेलं नाही, ती दुसऱ्या रकान्यात. नवीन गिऱ्हाईक मिळेल ही आशा तिसऱ्यात. खर्च सगळे मांडायचे, पण खड्डा मोजताना जमेत पहिले दोनच रकाने घ्यायचे. शिवाय प्रत्येक व्यापाऱ्याने आधीच्या दोन-तीन वर्षांत माल नेल्यापासून किती दिवसांनी पैसे दिले, ते वहीतून काढावं. 'आठवड्यात देतो' म्हणणारा दरवेळी चाळीस दिवस लावत असेल, तर अंदाजात चाळीसच लिहायचे.

ऑक्टोबरात हा खड्डा दिसला तर हातात नऊ महिने असतात, आणि याच नऊ महिन्यांसाठी हा खटाटोप आहे. विसार २० टक्क्यांऐवजी ३० टक्के मागितला आणि तो मिळाला, तर जुलैचा खड्डा ७९ हजारांवर येतो. काही मूर्ती बिनरंगी, कच्च्याच मे-जूनमध्ये दुसऱ्या गावच्या रंगकाम करणाऱ्यांना दिल्या, तर भाव कमी मिळतो, पण पैसा आधी येतो आणि रंगाचा खर्चही वाचतो. उरलेल्या रकमेसाठी बँकेकडे डिसेंबर-जानेवारीत जाता येतं. कॅश क्रेडिट मिळालं, तर जेवढे पैसे जितके दिवस वापरले तेवढंच व्याज पडतं. जुलैत हाती काहीच नसताना धावाधाव केली की दागिना किंवा सावकार एवढेच दरवाजे उघडे दिसतात.

अंदाज मांडल्यावर दर शनिवारी, मजुरी वाटून झाली की, खरा आकडा त्याच्या शेजारी लिहावा. वसुली ओळीने दोन शनिवार कमी आली, तर एकच प्रश्न विचारायचा: पैसे लांबलेत की मागणीच गेली? लांबले असतील तर रक्कम पुढच्या आठवड्यात सरकवायची. मागणी गेली असेल तर ती खोडायची आणि मूर्ती घडवणं तिथेच थांबवायचं. अंदाजाने सगळंच कळत नाही. ऐन रंगकामात पाऊस चढला आणि मूर्ती वाळल्याच नाहीत, तर डिलिव्हरी हटते. त्यासाठी एखाद्या महिन्याचा घरखर्च वेगळा ठेवलेला असावा.

आपल्या कारखान्यात ऑगस्टमध्ये दीड लाख आणि सप्टेंबरमध्ये अडीच लाख येतात. व्याज बाजूला ठेवलं तर सप्टेंबर २०२६ संपताना हातात १ लाख ८९ हजार असतात, म्हणजे गेल्या ऑक्टोबरपेक्षा एक हजार कमी. मग ४९ हजारांचा नफा कुठे गेला? गेल्या वर्षी येणी ३० हजार होती, यंदा ती ८० हजार आहे. नफा झाला आहे, पण तो अजून व्यापाऱ्यांकडे आहे. नव्या वहीच्या पहिल्या पानावर या येण्यांसमोर प्रत्येकाची तारीख लिहायची आहे.