मागचं चाक डुलतंय? सांध्यावर बोट ठेवून बघा

रत्नागिरीहून कोल्हापूरकडे जाताना आंबा घाटात वळणं एकामागून एक येतात. चार पावसाळे पाहिलेली, ४५ हजार किलोमीटर झालेली गाडी घेऊन तिथे निघालेल्या एका चालकाला वाटू लागलं, की मागचं चाक गाडीबरोबर वळतच नाही, थोडं मागाहून वळतं. वळणात ॲक्सिलरेटर सोडला की शेपूट एका बाजूला सरकायची, दिला की पुन्हा जागेवर यायची. पंक्चरवाल्याने हवा तपासली, मग टायर नवा घातला, मग चाकाचे बेअरिंगही बदलले. डुलणं तसंच राहिलं, कारण दोष चाकात नव्हताच. तो चिमट्याच्या बुशमध्ये आणि शॉकअपच्या लिंकेजमध्ये होता.

चिमटा म्हणजे स्विंगआर्म. मागचं चाक ज्या दोन लोखंडी हातांमध्ये बसतं तो भाग. त्याचं पुढचं टोक चेसिसमध्ये एका लांब बोल्टवर बसवलेलं असतं आणि खड्डा आला की चिमटा त्या बोल्टभोवती वर-खाली हलतो. बोल्ट आणि चिमटा यांच्यामध्ये डाव्या-उजव्या बाजूला बुश असतात. साध्या गाड्यांत ते बहुधा रबराचे किंवा नायलॉनचे असतात, मोठ्या गाड्यांत त्यांच्या जागी काडीसारख्या बारीक रोलरचे नीडल बेअरिंग आणि आत पोलादी स्लीव्ह असते. चिमटा वर-खाली मोकळा हलावा, पण आडवा जराही हलू नये, हे या बुशचं काम.

बुश झिजून तिथे अर्धा मिलीमीटर जागा झाली, तर चाकाला कितीसा फरक पडणार, असं वाटतं. हिशेब करून पाहू. दोन बुशमध्ये २०० मिलीमीटर अंतर आहे आणि तिथून चाकाचा एक्सल ५०० मिलीमीटर मागे आहे, असं धरा. एक बुश पुढे आणि दुसरा मागे सरकला की चिमटा तिरका होतो. दोन्हीकडची अर्धा-अर्धा मिलीमीटर जागा मिळून चाक एक्सलपाशी एकूण अडीच मिलीमीटर आडवं फिरतं, आणि टायरच्या मागच्या कडेला त्याहूनही जास्त. त्यात चेन चिमट्याच्या एकाच बाजूला असते. ॲक्सिलरेटर दिला की ती त्या बाजूला ओढते, सोडला की ओढ कमी होते. म्हणून झिजलेल्या बुशची गाडी वळणात ॲक्सिलरेटरच्या प्रत्येक हालचालीबरोबर किंचित दिशा बदलते. हवा कमी असेल तरी गाडी डुलते, पण ते डुलणं ॲक्सिलरेटरशी असं बांधलेलं नसतं.

लिंकेजची गोष्ट थोडी वेगळी आहे. रॉयल एन्फिल्डची हिमालयन, यामाहाची आर१५ अशा गाड्यांत एकच शॉकअप असतो आणि तो चिमट्याला थेट न जोडता छोट्या लोखंडी पट्ट्या आणि एका तिकोनी तुकड्यातून जोडलेला असतो. या जोडणीमुळे चाक जसजसं वर येतं, तसतसा शॉकअप अधिक कडक होतो. मात्र जोडणी आली की सांधे आले, आणि त्यांतही बुश किंवा बेअरिंग असतात. चाक जितकं हलतं त्याच्या साधारण अर्ध्या ते एक-तृतीयांश अंतरच शॉकअप हलतो. म्हणजे शॉकअपपाशी अर्धा मिलीमीटर मोकळीक असली तर चाकाशी ती एक-दीड मिलीमीटर होते. हे सांधे चाकाच्या पुढे, खाली, चिखलाच्या थेट माऱ्यात असतात. धुलाई केंद्रावर जोराच्या पाण्याचा फवारा तिथेच मारला जातो. सीलच्या कडेने पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि रोलर गंजायला लागतात.

तपासणीसाठी गाडी डबल स्टँडवर घ्यावी, मागचं चाक पूर्ण हवेत हवं. डबल स्टँड नसेल तर इंजिनखाली किंवा चेसिसखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावावा आणि कुणाला तरी पुढे गाडी धरायला सांगावं. चिमट्याखाली लावायचा पॅडॉक स्टँड इथे चालत नाही, कारण मागचं वजन चिमट्यावरच येतं आणि मोकळीक दबून जाते.

आधी टायर वर आणि खाली दोन्ही हातांनी धरून आडवा हलवावा. चाक हललं पण चिमटा स्थिर राहिला, तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये किंवा एक्सलच्या नटात आहे. आता चिमटा एक्सलजवळ धरून डावी-उजवीकडे ढकलावा. त्या वेळी दुसऱ्याने बोट चिमटा आणि चेसिस यांच्या सांध्यावर, अर्धं इकडे अर्धं तिकडे, ठेवावं. झीज असेल तर डोळ्याला दिसण्याआधी बोटाला ‘टक’ जाणवतं. रबरी बुश असेल तर थोडं लवचीक हलणं दोष नव्हे. पण रबर फाटलेलं असेल किंवा खट्ट आवाज होत असेल, तर बदलायला हवा.

मग मागचं चाक खालून अलगद वर उचलावं. शॉकअपच्या स्प्रिंगला आधीच ताण दिलेला असतो, त्यामुळे हलक्या हाताने ती दबत नाही. जे काही वर हलतं ती सांध्यांतली मोकळीक. आता एकेका सांध्यावर बोट फिरवायचं: शॉकअपचा वरचा डोळा, खालचा डोळा, तिकोनी तुकडा, पट्ट्यांची टोकं. ज्या बोटाखाली टकटक होते तोच सांधा खोलायचा. शंका उरली तर शॉकअपचा खालचा बोल्ट काढून चिमटा नुसता हाताने वर-खाली करावा. तो अडखळत गेला, तर रोलर गंजले आहेत.

घाटातल्या त्या गाडीचं लिंकेज खोललं, तेव्हा ग्रीसच्या जागी तपकिरी-लाल भुकटी निघाली. स्लीव्हवर रोलरच्या रुंदीचे चर पडले होते. नखाने चाचपलं तर नख त्यात अडकत होतं. चिमट्याच्या डाव्या बुशचीही हीच अवस्था. अशा वेळी नुसतं नवं बेअरिंग घालून भागत नाही, स्लीव्हही नवी लागते. बेअरिंग हातोडीने ठोकू नये, प्रेसने किंवा लांब बोल्टने ओढून बसवावं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अनेक मिस्त्री चिमट्याचा बोल्ट करकचून आवळून ‘प्ले गेला’ असं सांगतात. बोल्ट आतल्या स्लीव्हला दोन्ही टोकांनी दाबतो, पण स्लीव्ह आणि बेअरिंग यांच्यामधली जागा त्याने भरत नाही. कडा घासल्यामुळे चिमटा काही दिवस जड होतो, मोकळीक मात्र तशीच राहते. नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवरच बसवावा. रबरी बुशच्या गाडीत तो शेवटी, चाक जमिनीवर टेकवून आवळावा. हवेत आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

पावसाळा संपल्यावर चेन साफ करायला गाडी डबल स्टँडवर घ्याल, तेव्हाच पाच मिनिटं हे सांधे चाचपून पाहा, आणि धुलाईवाल्याला लिंकेजवर थेट फवारा मारू देऊ नका. वर्षातून एकदा ते खोलून नवं ग्रीस भरून घ्या.